दिवाळीच्या आठवड्यात दुकान बंद: सूचना कशी लिहावी, डिस्पॅचच्या तारखा कशा काढाव्यात

घरून किंवा छोट्या दुकानातून कुरिअरने माल पाठवणाऱ्यांसाठी हा लेख आहे, विशेषतः ज्यांची ही पहिली दिवाळी आहे त्यांच्यासाठी. "आमचं दुकान अमुक ते अमुक बंद राहील" हे लिहायला दोन मिनिटं लागतात. त्याखाली "पार्सलं या तारखेला निघतील" असं लिहायचं, तर अर्धा दिवस हिशोब करावा लागतो. हा हिशोब न करता तारीख टाकली, की सुट्टीनंतरचे पंधरा दिवस माफी मागण्यात जातात.

उदाहरणासाठी कोल्हापुरातलं एक छोटं चपलांचं दुकान घेऊ. तिथे तयार जोड असतात आणि पायाच्या मापाने करून दिलेले जोडही असतात. दुकान रविवारी बंद असतं. तयार जोड दुसऱ्या कामाच्या दिवशी निघतो, मापाच्या जोडाला आठ कामाचे दिवस लागतात. 2026 मध्ये धनत्रयोदशी शुक्रवारी 6 नोव्हेंबरला आहे, लक्ष्मीपूजन रविवारी 8 ला, पाडवा मंगळवारी 10 ला आणि भाऊबीज बुधवारी 11 ला. दुकान 6 ते 12 नोव्हेंबर, असे सात दिवस बंद ठेवायचं ठरलं आहे. तुमचा माल साड्या, मसाले किंवा पुस्तकं असला तरी हिशोबाची रीत हीच.

बसण्याआधी हाताशी ठेवा

- गेल्या दिवाळीची ऑर्डर वही किंवा यादी (पहिलंच वर्ष असेल तर गेल्या महिन्याची)
- आज हातात असलेल्या सगळ्या अपुऱ्या ऑर्डरींची यादी, प्रत्येकीला कबूल केलेल्या तारखेसह
- कुरिअरच्या स्थानिक शाखेचा नंबर
- कारागीर, शिलाईवाले, पॅकिंगला येणारी ताई यांच्या सुट्टीच्या तारखा, त्यांना विचारून लिहिलेल्या
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल

1. आधी दुसऱ्यांच्या सुट्ट्या विचारा

आपण कधी बंद राहायचं हे आपल्या हातात असतं. माल कधी निघेल हे मात्र कारागीर आणि कुरिअर यांच्यावरही अवलंबून असतं. म्हणून पहिला फोन कुरिअरच्या शाखेत करा आणि नेमके तीन प्रश्न विचारा: दिवाळीआधीचा शेवटचा पिकअप कोणत्या तारखेला आणि किती वाजता, त्यानंतरचा पहिला पिकअप कधी, आणि या आठवड्यात कोणत्या भागांत जादा वेळ लागतो. पोस्टाने पाठवत असाल तर आपल्या पोस्टमास्तरांनाही हेच विचारा. उत्तर ग्राहक सेवेच्या नंबरवरून न घेता जो माणूस प्रत्यक्ष पार्सल न्यायला येतो त्याच्याकडून घ्या, कारण तोच गावाला गेला तर पिकअप होत नाही.

दुसरा फोन कारागिराला. आपल्या उदाहरणात दुकान शुक्रवारी 13 ला उघडतं, पण कारागीर भाऊबीज करून, शनिवार-रविवार गावाला काढून सोमवारी 16 ला कामाला बसणार आहेत. म्हणजे तयार मालाची सुट्टी 12 ला संपते आणि मापाच्या मालाची 15 ला. एकाच दुकानाच्या या दोन सुट्ट्या सूचनेत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. नवीन विक्रेत्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते: दुकान उघडण्याची तारीख हीच डिस्पॅचची तारीख म्हणून छापली जाते.

2. सुट्टीआधीची शेवटची तारीख मागे मोजत काढा

शेवटच्या कामाच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी 5 ला, डिस्पॅच ठेवू नका. त्या संध्याकाळी दिलेलं पार्सल पत्त्यात चूक निघाली किंवा घरी कोणी नसलं तर अडकतं, आणि कुरिअरचा "डिलिव्हरी झाली नाही, पुढे काय करायचं?" हा निरोप तुमच्या बंद दुकानात येऊन पडतो. त्याला वेळेत उत्तर गेलं नाही तर पार्सल परतीच्या वाटेला लागतं. परत आलेलं पार्सल घ्यायलाही दुकानात कोणी नसतं. म्हणून शेवटचा पिकअप बुधवारी 4 ला, आणि 5 तारीख फक्त अडकलेल्या पार्सलांचा पाठपुरावा करायला.

आता 4 नोव्हेंबरपासून मागे चला. तयार जोडाची ऑर्डर 3 तारखेला संध्याकाळी सहापर्यंत आली तर 4 ला निघते. मापाच्या जोडाला आठ कामाचे दिवस हवेत. 4, 3, 2 नोव्हेंबर, मग रविवार सोडून 31, 30, 29, 28, 27 ऑक्टोबर. हे झाले आठ. म्हणजे ऑर्डर सोमवारी 26 ऑक्टोबरपर्यंत आलेली हवी. सूचनेत मात्र शनिवार 24 ऑक्टोबर लिहा. मधले दिवस तुमच्याकडे राहू द्या. पायाच्या मापाची ऑर्डर "आली" म्हणजे पैसे आणि माप दोन्ही आले. बहुतेक वेळा पैसे लगेच येतात, पण कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखलेल्या रेषेचा फोटो दोन दिवसांनी येतो, त्यात लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली नसते, म्हणून पुन्हा विचारावं लागतं. सूचनेत "माप आणि पैसे मिळाल्याची तारीख" असे शब्द हवेतच.

"दिवाळीआधी हातात" असं वचन द्यायचं असेल तर वेगळा हिशोब. कुरिअरने एखाद्या शहरासाठी चार दिवस सांगितले असतील तर या पंधरवड्यात त्यावर तीन दिवस चढवा. 5 नोव्हेंबरला पोहोचवायचं तर पार्सल 29 ऑक्टोबरला निघालं पाहिजे. हे वचन सरसकट सूचनेत लिहू नका, विचारणाऱ्याला पिनकोड पाहून द्या.

3. सुट्टीनंतरची तारीख साचलेल्या कामावरून काढा

सुट्टीनंतरचा पहिला दिवस साधा नसतो. आठवडाभराच्या ऑर्डरी, प्रश्न, अदलाबदलीच्या मागण्या आणि परत आलेली पार्सलं एकदमच समोर येतात.

गेल्या वर्षीच्या वहीतून दिसलं की 3 तारखेच्या संध्याकाळपासून सुट्टी संपेपर्यंत तयार जोडांच्या साधारण 40 ऑर्डरी येतात, असं धरू. एका दिवसात तुम्ही 12 पार्सलं नीट पॅक करू शकता. पहिल्या दिवशी निम्मा वेळ मेसेज वाचण्यात आणि कपाटातला माल मोजण्यात जाईल, म्हणून 13 ला 6 धरा. शनिवारी 14 ला 12, रविवार बंद, सोमवारी 16 ला 12, मंगळवारी 17 ला उरलेले 10. काम 17 ला संपतं. सूचनेत 18 लिहा.

मापाच्या जोडांचं असं. 5 नोव्हेंबरला आलेल्या ऑर्डरीचं काम सुट्टीआधी सुरूच होत नाही. कारागीर 16 ला बसले की 16, 17, 18, 19, 20, 21, मग 22 चा रविवार सोडून 23 आणि 24. आठ दिवस 24 ला भरतात. त्याच्यामागे सुट्टीत आलेल्या ऑर्डरी उभ्या आहेत. अशा 12 जोडांच्या ऑर्डरी आणि दिवसाला चार जोड पूर्ण होण्याचा वेग धरला तर अजून तीन दिवस, म्हणजे शुक्रवार 27. एक दिवस हाताशी ठेवून शनिवार 28 नोव्हेंबर.

इथे दोन गट करून दोन तारखा छापण्याचा मोह होतो: 5 पर्यंतच्यांना 24, सुट्टीतल्यांना 28. तसं करू नका. चार दिवसांच्या फरकासाठी सूचनेत आणखी एक ओळ वाढते आणि वाचणारा आपला गट शोधत बसतो. 25 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबरच्या सगळ्या मापाच्या ऑर्डरींना "28 नोव्हेंबरपर्यंत" हे एकच उत्तर द्या. क्रमाने जो आधी तयार होईल तो आधी पाठवा. लवकर मिळाल्याची तक्रार कोणी करत नाही.

13 तारखेनंतरचे ग्राहक विसरू नका. त्यांच्या ऑर्डरी या सगळ्या रांगेच्या मागे लागणार. दुकानाच्या पानावर वर्षभर असलेली "मापाचा जोड आठ दिवसांत" ही ओळ तेव्हा खोटी ठरते. 13 ते 30 नोव्हेंबरसाठी ती "14 कामाचे दिवस" अशी बदलून ठेवा.

4. शब्द असे निवडा की दोन अर्थ निघणार नाहीत

"12 नोव्हेंबरपर्यंत बंद" हे वाक्य निम्म्या लोकांना 12 ला बंद असं कळतं आणि उरलेल्यांना 12 ला उघडं. आपल्या "पर्यंत" मध्येच ही अडचण आहे. म्हणून बंदचे दिवस "दोन्ही दिवस धरून" असे लिहा आणि त्यालाच लागून उघडण्याचा वार व तारीख द्या. वार असला की चूक आपोआप पकडली जाते: तारीख आणि वार जुळत नसतील तर वाचणारा लगेच विचारतो.

"पाडव्यानंतर", "पुढच्या शुक्रवारी", "सुट्टी झाल्यावर लगेच" हे शब्द टाळा. पाडवा वर्षातून दोनदा येतो, आणि बंगळूर किंवा दिल्लीच्या ग्राहकाला त्याची तारीख माहीत असेलच असं नाही. तारीख नुसत्या आकड्यांतही लिहू नका. 06/11 हे अमेरिकेतला ग्राहक 11 जून असं वाचतो. महिन्याचं नाव लिहा आणि वर्षही लिहा. वर्ष नसलेलं चित्र पुढच्या दिवाळीत कुठल्यातरी ग्रुपवर पुन्हा फिरतं आणि तुमचं दुकान उघडं असताना लोक बंद समजतात.

तिसरा गोंधळ "डिस्पॅच" आणि "डिलिव्हरी" यांचा. तुमच्या हातात आहे ते दुकानातून पार्सल निघणं. पोहोचणं कुरिअरच्या हातात. सूचनेत "पाठवू" किंवा "निघेल" लिहा आणि "त्यानंतर पोहोचायला नेहमीचे दिवस लागतील" हे वेगळं लिहा. यामागे कायद्याचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोहोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. आपली ठरलेली सुट्टी ही आपत्ती नाही. तुम्ही छापलेली तारीख तुम्हाला बांधून घालते, म्हणून वरच्या हिशोबात जागोजागी एक दिवस राखून ठेवला आहे.

5. आता सूचना लिहा

सगळा हिशोब झाला की मजकूर लहानच होतो. आपल्या दुकानाची सूचना अशी होईल:

> दिवाळी 2026: सुट्टी आणि पार्सलच्या तारखा
>
> दुकान शुक्रवार 6 नोव्हेंबर ते गुरुवार 12 नोव्हेंबर (दोन्ही दिवस धरून) बंद राहील. शुक्रवार 13 नोव्हेंबरला सकाळी 10 वाजता उघडेल.
>
> तयार जोड: 3 नोव्हेंबर, संध्याकाळी 6 पर्यंतच्या ऑर्डरी 4 नोव्हेंबरला निघतील. त्यानंतर 12 नोव्हेंबरपर्यंत आलेल्या ऑर्डरी 13 ते 18 नोव्हेंबर या काळात क्रमाने पाठवू.
>
> मापाचे जोड: माप आणि पैसे 24 ऑक्टोबरपर्यंत मिळाले तर 4 नोव्हेंबरपर्यंत पाठवू. 25 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबरच्या ऑर्डरी 28 नोव्हेंबरपर्यंत पाठवू.
>
> या तारखा पार्सल आमच्याकडून निघण्याच्या आहेत. पोहोचायला त्यानंतर कुरिअरचे नेहमीचे दिवस लागतील.
>
> अदलाबदलीची मुदत 4 ते 12 नोव्हेंबरमध्ये संपत असेल तर ती 18 नोव्हेंबरपर्यंत वाढवली आहे.
>
> सुट्टीत ऑर्डर देता येईल, मेसेजला उत्तर 13 तारखेपासून मिळेल.

शुभेच्छा द्यायच्या असतील तर शेवटी द्या. पणत्या, आकाशकंदील आणि चार ओळींच्या शुभेच्छा वर आल्या की तारखा खाली जातात आणि लोक शुभेच्छा वाचून पुढे सरकतात.

अदलाबदलीची ओळ बरेच जण विसरतात. चपलेचा जोड 30 ऑक्टोबरला मिळाला आणि तुमची मुदत सात दिवसांची असेल तर ती 6 नोव्हेंबरला, बंदच्या पहिल्याच दिवशी संपते. जोड घट्ट होतो म्हणून ग्राहक 5 च्या रात्री मेसेज करतो, तुम्ही 13 ला वाचता, आणि वाद सुरू होतो. मुदत 4 तारखेपासूनच धरली आहे ती यामुळे, की 4-5 तारखेला आलेली मागणी त्या धांदलीत पूर्ण होत नाही.

6. कुठे आणि कधी लावायची

मापाच्या ऑर्डरीची शेवटची तारीख 24 ऑक्टोबर आहे, म्हणजे सूचना 10 ऑक्टोबरच्या आसपास लोकांसमोर यायला हवी. 22 ला पुन्हा एकदा, फक्त मापाच्या जोडांची ओळ ठळक करून. 2 नोव्हेंबरला तिसऱ्यांदा, तयार जोडांसाठी. सुट्टी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी टाकलेली सूचना फक्त तुमच्या मनाच्या समाधानाची असते, तोवर पैसे भरलेले असतात.

हातात असलेल्या अपुऱ्या ऑर्डरींना ही सामायिक सूचना पाठवून भागत नाही. त्या प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज करा: "तुमचा 9 नंबरचा जोड 3 नोव्हेंबरला निघेल" किंवा "आठ दिवसांत देतो म्हटलं होतं, पण मधे दिवाळीची सुट्टी येते, त्यामुळे 20 नोव्हेंबरला पाठवू. चालत नसेल तर पैसे परत करतो." हा मेसेज सुट्टीच्या आधी गेला तर बहुतेक लोक थांबतात.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये `Business tools` मध्ये `Away message` आहे. त्यात `Custom schedule` निवडून 6 नोव्हेंबर सकाळ ते 13 नोव्हेंबर सकाळी 10 अशी वेळ लावली की उत्तर आपोआप जातं आणि आपोआप थांबतं. त्यात पूर्ण सूचना न टाकता चार ओळी टाका. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे उत्तर फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच जातं. दुकानाचा फोन बंद करून कपाटात ठेवला, किंवा रेंज नसलेल्या गावी नेला, तर ग्राहकाला काहीच मिळत नाही. जाण्यापूर्वी दुसऱ्या नंबरवरून स्वतःला मेसेज करून पाहा.

इन्स्टाग्रामवर सूचनेची पोस्ट प्रोफाइलच्या वर पिन करा आणि बायोमध्ये एक ओळ घाला. तिथे 150 अक्षरंच बसतात, म्हणून "बंद 6–12 नोव्हेंबर 2026. तयार जोड 13–18 ला, मापाचे 28 पर्यंत पाठवू" एवढं पुरे. सूचना चित्राच्या रूपात टाकलीत तर खाली तोच मजकूर टाइपही करा, नाहीतर लोकांना तारीख कॉपी करता येत नाही. गूगलच्या नकाशावर दुकान असेल तर व्यवसायाच्या प्रोफाइलमध्ये `Special hours` मध्ये ते सात दिवस बंद दाखवा, म्हणजे गावातले लोक हेलपाटा मारणार नाहीत. स्वतःची वेबसाइट वूकॉमर्सवर असेल तर `Store notice` ची पट्टी चालू करा. तिच्यात तारीख आणि सूचनेच्या पानाची लिंक एवढंच द्या.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकत असाल तर तिथे सूचना लिहून उपयोग नाही. तिथली यंत्रणा फक्त तिची स्वतःची सुट्टीची सेटिंग पाहते. ती वेळेत चालू केली नाही तर ऑर्डर येत राहतात, मुदत चुकते आणि तुमच्या खात्याचं मूल्यांकन घसरतं. सेटिंग चालू केल्यावरही आधी आलेल्या ऑर्डरींची मुदत थांबत नाही, हे धरून सेटिंग 3 नोव्हेंबरलाच लावा.

7. जाण्याआधीचे दोन सापळे

पहिला लेबलचा. 5 तारखेला वेळ मिळाला म्हणून पुढच्या ऑर्डरींची कुरिअर लेबलं काढून ठेवावीशी वाटतात. लेबल तयार होताच बहुतेक यंत्रणा ग्राहकाला "तुमचं पार्सल निघालं" असा निरोप पाठवतात. मग तो आठ दिवस ट्रॅकिंग बघतो, काही हलत नाही, आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. लेबल ज्या दिवशी पिकअप त्याच दिवशी काढा.

दुसरा पॅकिंगचा. 13 तारखेचं काम हलकं व्हावं म्हणून जोड आधीच प्लास्टिकच्या पिशवीत सील करून ठेवू नका. झाडपाल्याने कमावलेलं चामडं, त्यात नुकतंच तेल दिलेलं असेल तर, बंद पिशवीत ओल धरतं. आठवड्याने उघडल्यावर कुबट वास येतो, पट्ट्याच्या वेणीत पांढरट बुरशी दिसते. जोड कागदात गुंडाळून, खोकं उघडं ठेवून, नाव आणि ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी आत घालून ठेवा. बाहेरचं प्लास्टिक 13 ला.

सुट्टीत क्यूआर कोडवर थेट पैसे येतात आणि मागे ना नाव असतं ना माप. त्यासाठी आपोआप जाणाऱ्या उत्तरात एक ओळ ठेवा: "पैसे भरले असतील तर स्क्रीनशॉट, नाव, पत्ता, पिनकोड आणि माप एकाच मेसेजमध्ये पाठवा."

8. उघडल्यावर

13 ला सकाळी पॅकिंगला हात लावण्याआधी परत आलेली आणि अडकलेली पार्सलं पाहा, कारण तिथे ग्राहक सर्वांत जास्त थांबलेला असतो. मग बँकेचे व्यवहार आणि मेसेज जुळवून सुट्टीतल्या ऑर्डरींची एकच यादी करा, पैसे आलेल्या वेळेच्या क्रमाने. पिकअपवाल्याला सकाळीच फोन करा. आठवडाभर तुमच्याकडे काही नव्हतं म्हणून तुमचं दुकान त्याच्या फेरीतून गळलेलं असू शकतं.

16 तारखेच्या संध्याकाळी यादीत चोवीसच्या वर तयार जोड उरलेले दिसले, तर 18 ची तारीख चुकण्याची शक्यता आहे. तेव्हाच शेवटच्या पाच-सहा जणांना नवी तारीख कळवा, 18 उजाडायची वाट पाहू नका.

सूचना काढायचंही एक वेळापत्रक लागतं. बंदची ओळ 13 ला सगळीकडून काढा: पिन केलेली पोस्ट, प्रोफाइलची ओळ, वेबसाइटची पट्टी, बाजारपेठेची सेटिंग. मापाच्या जोडांची "28 नोव्हेंबरपर्यंत" ही ओळ 28 पर्यंत राहू द्या. आणि 1 डिसेंबरला, रांग संपली असेल तर, "14 कामाचे दिवस" पुन्हा आठ करा.